नारू न झालेली वस्ती

बाभळदऱ्यात पाणी दोन ठिकाणी होतं आणि माणसंही त्याच हिशेबानं दोन ठिकाणी राहत होती. गावाच्या मधोमध दगडी बारव होती. तिच्या तीन बाजूंच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. बायका घागर कमरेवर घेऊन उतरत, गुडघाभर पाण्यात उभ्या राहत, पायांवरची धूळ तिथंच धुऊन घेत आणि तिथलंच पाणी भरून वर येत. ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती होती आणि वस्तीत एक अरुंद, खोल आड. त्याला पायऱ्या नव्हत्या. वरच्या लाकडी रहाटावरून दोर सोडायचा आणि हाताला घट्टे पडेस्तोवर ओढायचा. पंचशीला सोनकांबळे या दोरावर वाढली. बारवेचं पाणी कसं दिसतं हे तिला मॅट्रिक झाली तरी ठाऊक नव्हतं, कारण वस्तीतल्या माणसाला कठड्याजवळ उभं राहायचीदेखील मुभा नव्हती.

वडील लवकर गेले. आई नागुबाई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची आणि लेकीला म्हणायची, "तू दगडाकडं बघू नको, पाटीकडं बघ." पंचशीलेनं पाटीकडं पाहिलं. नांदेडला मामाकडे राहून ती बी.एस्सी. झाली, औरंगाबादला संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या जागा निघाल्या, त्यांतल्या एकीवर लागली. पदाचं नाव सांख्यिकी सहायक. कचेरी म्हणजे गंजगोलाईच्या मागं भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या. टेबलांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव रंगवलेलं होतं. ते खरवडून नवं रंगवायला कुणाला सवड झाली नव्हती. दारावर मात्र नवी पाटी होती: नारू सर्वेक्षण पथक.

नारू हा त्या मुलखातला उन्हाळ्याचा पाहुणा. पायावर फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर जंत डोकं बाहेर काढतो. माणसाला वाटतं, हा आज झाला. तो झालेला असतो आदल्या वर्षी. आदल्या उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. ती माणसाच्या अंगात वर्षभर वाढतात. पुढच्या उन्हाळ्यात फोड येतो, आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि नारू त्याच पाण्यात पुढच्या वर्षाची तजवीज करून ठेवतो.

पथकाचे प्रमुख डॉ. मन्मथ बिडवे उदगीरकडचे. त्यांच्या धाकट्या बहिणीचा पाय नारूनं लहानपणीच आखडला होता, म्हणून हे काम त्यांच्या जिवाचं होतं. माणूस सरळ, पण घाईचा. एक पांढरी गोळी उन्हाळाभर आठवड्याला एक घेतली तर नारू अंगात धरत नाही असं त्यांच्या वाचनात आलं होतं आणि ते त्यांना करून पाहायचं होतं. सात गावं निवडली होती. प्रत्येक गावात एका भागाला गोळी द्यायची, दुसऱ्या भागाला द्यायची नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन्हींकडचे नारू मोजायचे. ज्यांना गोळी नाही तो नियंत्रण गट. कोणत्या भागाला द्यायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"चिठ्ठ्या टाकून घरं निवडावीत, असं पुस्तकात आहे," डॉक्टर म्हणाले. "पण एका घराला गोळी आणि शेजारच्याला नाही, यावरून गावात भांडणं होतील. एक आख्खा भागच घेऊ."

"मग वस्त्या घेऊ या, सर," पंचशीला पटकन बोलून गेली. "प्रत्येक योजनेत वस्ती शेवटी येते. पोलिओचा डोस शेवटी, हातपंप शेवटी. एकदा तरी पहिल्यांदा येऊ द्या."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं. "तुमचं म्हणणं मला भावनेचं वाटतं. पण वस्त्या लहान आहेत, एका जागी आहेत. गोळी समोर गिळवून घेणं सोपं जाईल. ठीक आहे."

तेवढ्यावर ते ठरलं. त्या दिवशी पंचशीला खुशीत होती. चार वर्षं वर्गात जे शिकली होती ते तिला त्या खुशीत आठवलं नाही: दोन गट एका गोळीखेरीज बाकी सगळ्या बाबतींत सारखे असले तरच तुलनेला अर्थ असतो. गाव आणि वस्ती या दोन गटांत सारखं काय होतं? जिथं काहीच सारखं नाही तिथं वाढलेल्या मुलीलाच हे सुचू नये, याचं तिला पुढं फार नवल वाटत राहिलं.

वर्ष गेलं. मोजणी झाली आणि आकडे असे आले की डॉक्टरांनी पेढे मागवले. सहा गावांत गोळी घेतलेल्या वस्त्यांमध्ये नारूचा रोगी नावाला नाही. गोळी न घेतलेल्या गावठाणात दर सातव्या-आठव्या घरी एक. सातवं गाव खडकवाडा. तिथं उलटंच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "तिथला आपला माणूस ढिला आहे. गोळ्या कुणी गिळल्याच नसणार. ते गाव वगळा." पंचशीलेनं वगळलं. डॉक्टरांनी अहवाल लिहायला घेतला: येत्या महिन्यात जिल्ह्याच्या आढावा बैठकीत तो मांडायचा, सगळ्या जिल्ह्याला गोळ्या सुरू करायच्या, आणि बारवांच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवण्याचं जे जुनं, किचकट काम पडून होतं, ते आणखी काही वर्षं पडू द्यायचं.

त्या साली पाऊस झाला नव्हता. फाल्गुनातच बाभळदऱ्याच्या वस्तीचा आड कोरडा पडला. टँकर यायचा तेव्हा यायचा. केरबा सोनकांबळे हे वस्तीतलं वडीलधारं माणूस, पंचशीलेच्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांनी चार माणसं घेऊन तहसीलसमोर ठाण मांडलं. उन्हात बसले, उठले नाहीत. शेवटी हुकूम आला: दुष्काळात गावचं पाणी सगळ्यांचं, बारव वस्तीला खुली. आणि वस्तीनं ठरवलं, उतरायचं ते जयंतीलाच.

चौदा एप्रिलला पंचशीला गावी आली. निळे झेंडे, हलगी, पांढऱ्या साड्या. मिरवणूक ओढा ओलांडून गावात शिरली आणि बारवेपाशी थांबली. कठड्यावर गावातली माणसं गप्प बसली होती. केरबा पुढं झाले. मागं वळून म्हणाले, "नागू, तू आधी उतर. लई खडी फोडलीस."

नागुबाई चपला काढून उतरली. एकेक पायरी हातानं चाचपत उतरली, जणू ती खरी आहे का बघत होती. पाण्यात उभी राहिली, ओंजळ भरली आणि प्यायली. वर हलगी वाजली. पंचशीलाही उतरली, तिनंही ओंजळभर पाणी प्यायलं आणि तिला भरून आलं. त्या घटकेला तिला नारूची आठवण झाली नाही. आठवण झाली ती पायऱ्या चढून वर येताना.

वरच्या ओट्यावर चतुराबाई बसली होती. गावच्या शेषेराव पाटलाची ही बायको. एक पाय पुढं पसरून ती घोट्याजवळच्या जखमेतून निघालेला पांढरा दोरा तुरीच्या काडीला हळूहळू गुंडाळत होती. नागुबाई तिच्यापाशी थबकली.

"काय करून राहिल्या, पाटलीणबाई?"

"दिसंना का? नारू काढून राहिले."

"असा काढत्यात व्हय? काडीला?"

"मग काय सुईदोऱ्यानं?" चतुराबाई हसली. "रोज बोटभर गुंडाळायचा. ओढला की तुटतो, अन् तुटला की पाय ढोपरापतोर सुजतो. तुला एवढं ठाऊक न्हाई? साठीला आलीस की."

"आमच्यात कुणाला झालाच न्हाई कधी. कुठून ठाऊक असणार?"

पंचशीलेचं ओलं पाऊल पायरीवरच थांबलं. *कधी.* आई गोळीबद्दल बोलत नव्हती. ती आयुष्याबद्दल बोलत होती. गोळ्या येऊन एक वर्ष झालं होतं; वस्तीत नारू गुंडाळायला मात्र कुणाच्या आजीलाही येत नव्हतं. जो आजार वस्तीत पूर्वीही नव्हता, तो गोळीनं थांबवला म्हणायचं कसं? गोळी आणि नारूचा अभाव एकाच ठिकाणी दिसत होते, एवढंच. दोन्हींच्या मागं तिसरी गोष्ट उभी होती. ती तिला लहानपणापासून ठाऊक होती, हाताच्या घट्ट्यांनी ठाऊक होती. आडात कुणाचा पाय बुडत नव्हता. बारवेत सगळ्या गावाचे पाय बुडत होते, आणि त्या पायऱ्यांपासून वस्तीला पिढ्यान् पिढ्या हाकलून लावल्यामुळं वस्ती नारूपासून वाचली होती.

आणि आत्ता, तिच्या डोळ्यांदेखत, हलगीच्या तालावर, वस्ती एका ओळीनं त्या पाण्यात उतरत होती.

"माय," तिनं आईचा दंड धरला. "पुन्हा पिऊ नको. पाणी गाळून घे. लुगड्याची दुहेरी घडी कर, तिच्यातून गाळ."

"आज असं बोलू नये, पोरी," नागुबाई म्हणाली. "लोक ऐकतेत."

दुपारी केरबांच्या ओसरीवर तिनं विचारलं, "काका, गेल्या उन्हाळ्यात गोळ्या सगळ्यांनी घेतल्या होत्या ना?"

केरबांनी इकडंतिकडं पाहिलं. "खरं सांगू? तुझा तो गोळीवाला माणूस समोर उभा राहायचा तवर गालात धरायची. त्यानं पाठ फिरवली की थू. कडू जहर! माझ्या घरात एकानं गिळली न्हाई. आसपासच्यांनीबी न्हाई. तुझ्या मायनं तेवढ्या सगळ्या गिळल्या. म्हणायची, माझ्या लेकीनं पाठवल्यात."

सगळे हसले. पंचशीलाही हसली, कारण हसण्याखेरीज तिथं दुसरं काही करता येत नव्हतं.

लातूरला परतल्यावर तिनं डॉक्टरांपुढं कागद ठेवला. त्यावर चार चौकोन काढले होते. आडाचं पाणी आणि गोळी. आडाचं पाणी, गोळी नाही. बारवेचं पाणी आणि गोळी. बारवेचं पाणी, गोळी नाही. "सर, आपण फक्त पहिल्या आणि चौथ्या चौकोनातली माणसं मोजली. मधले दोन रिकामे आहेत. गोळी आणि पाणी दोन्ही एकदमच बदलली, म्हणून गुण कुणाचा ते आपल्याला सांगता येत नाही. आमच्या वस्तीत कित्येकांनी गोळी थुंकून टाकली. त्यांनाही नारू नाही. गोळी येण्याआधीही नव्हता."

डॉक्टरांनी चारही चौकोनांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा पुसला.

"मान्य. पाणी ही गोष्ट मी धरायला हवी होती. तुम्हीही धरायला हवी होती."

"हो, सर."

"पण यानं गोळी निकामी ठरत नाही, सोनकांबळे. दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत एवढंच ठरतं. गोळी थुंकली असं कोण सांगतं? तुमचे काका, वर्षभरानंतर, ओसरीवर हसत. ते मी बैठकीत कसं मांडू? बारवेचं पाणी पिणाऱ्यांना गोळी दिली आणि तरी नारू झाला, असं एक तरी गाव दाखवा." ते थांबले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. घाईच्या माणसाचा उजळतो तसा. "अहो, दाखवायची गरजच नाही! तुमच्याच गावात आता सगळे एका बारवेचं पितात. पाणी सारखं झालं. चिठ्ठ्या टाकू. वस्तीतल्या अर्ध्या घरांना गोळी, अर्ध्यांना नाही. पुढच्या उन्हाळ्यात उत्तर हातात. यापेक्षा चांगला नियंत्रण गट पुस्तकातसुद्धा मिळायचा नाही."

पंचशीलेनं आपलेच चौकोन पुन्हा पाहिले. यात काहीही चूक नव्हती. हे तिचंच शास्त्र होतं, तिनंच कागदावर आखलेले चार चौकोन होते, आणि त्यांतला रिकामा चौकोन भरायला तिच्याच वस्तीतली माणसं हवी होती. तिचं म्हणणं खरं ठरायचं असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पायांतून नारू निघाले पाहिजेत. ते निघाले नाहीत तर गोळी जिंकणार होती.

"सर, त्या घरांत माझी आई आहे."

"म्हणूनच तर..." डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांची नजर टेबलावरच्या जुन्या जिल्ह्याच्या नावावर गेली. त्यांनी नखानं त्यातलं एक अक्षर खरवडलं. "आढाव्याला अजून अवकाश आहे," ते शेवटी म्हणाले. "दुसरं काही सापडलं तर आणा."

दुसरं काही कुठं सापडेल हे तिला माहीत होतं. तिनंच ते वगळलं होतं.

खडकवाड्याला ती एसटीनं गेली, पुढं पायी. गावात शिरताच तिला कळलं की इथं सगळं उलटं आहे. बहात्तरच्या दुष्काळात गावठाणात नवी विहीर खोदली गेली होती, बांधीव, खोल, वर रहाट. नवी विहीर झाल्यावर गावानं जुनी बारव सोडून दिली आणि ती वस्तीला दिली. म्हणजे दिली असं कुणी म्हणालं नाही, नुसतं हटकणं बंद केलं. वस्ती पायऱ्या उतरून पाणी भरत होती. गोळी इथंही वस्तीलाच मिळाली होती. ज्याला डॉक्टर ढिला म्हणाले होते, तो सटवाजी नावाचा आरोग्यसेवक म्हणाला, "मॅडम, मी गोळी तोंडात घालून जीभ वर करायला लावायचो. माझ्या वस्तीत बायका मला 'जीभ्या' म्हणत्यात. गिळल्या न्हाईत असं कोण म्हणलं?" वस्तीत घराघरात नारू होता. गावठाणात, जिथं एकालाही गोळी मिळाली नव्हती, नारू नव्हता. उंबऱ्यात बसलेली एक म्हातारी तुरीच्या काडीला दोरा गुंडाळत होती, सराईत हातानं, आणि पंचशीलेकडं बघून म्हणाली, "बस, माय."

डॉक्टरांनी हे उभ्यानंच ऐकलं.

"हे एक गाव बाकी सहांच्या विरुद्ध जातं," ते म्हणाले.

"विरुद्ध नाही, सर. गोळीकडं पाहिलं तर विरुद्ध आहे. पाण्याकडं पाहिलं तर सातही गावं एकच सांगतात. पायऱ्या जिकडं, नारू तिकडं. मग ते गावठाण असो की वस्ती, गोळी असो की नसो."

"आणि मी ते वगळलं."

"मी वगळलं, सर. तुम्ही सांगितलं, पण हात माझा होता."

डॉक्टर खुर्चीत बसले. आढाव्यात त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की गोळीचा गुण सिद्ध होत नाही, आणि बारवा बांधून काढण्याचं काम आधी घ्यावं. हे सांगायला त्यांना किती जड गेलं ते पंचशीलेनं मागच्या बाकावरून पाहिलं. वरून उत्तर आलं: बारवा बांधा, गोळ्याही मागवलेल्या आहेत, त्याही वाटा. पहिला हुकूम बाभळदऱ्याचा निघाला, कारण तिथं एका पाण्यावर सगळं गाव होतं. तिन्ही बाजूंच्या पायऱ्या दगडविटांनी बुजवायच्या आणि वर रहाट बसवायचा. पंचशीलेनं चारी बाजूंना चार रहाट असावेत असं लिहिलं होतं. हुकुमात ते एक झाले होते.

हुकूम सांगायला तीच गेली. दुसऱ्या कुणाला पाठवणं तिला बरं वाटलं नाही. वस्ती विहाराच्या ओट्यावर जमली होती. तिनं किडे, पाय, पाणी, सगळं नीट सांगितलं. केरबांनी ऐकून घेतलं. मग उठून उभे राहिले.

"म्हणजे माझ्या बापाला उतरू दिलं न्हाई, मला उतरू दिलं न्हाई, अन् आम्ही उतरलो तर महिनाभरात पायऱ्याच बुजवायच्या. अन् हे सांगायला कोण आलंय? आमचीच पोर."

"काका, पायऱ्या गावालाही बंद होणार. सगळ्यांनाच."

"त्यांनी पिढ्यान् पिढ्या वापरल्या गं! त्यांचं पोट भरलंय. आणि तू म्हणतीस आपल्या आडाला नारू नव्हता. म्हणजे त्यांनी आपल्याला लांब ठेवलं ते बरंच केलं की!"

"बरं केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी अन्यायच केला. पण त्यामुळं नारू..."

वाक्य पुरं होईना. ते पुरं कसं करायचं हे तिला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. ओट्याखालून शेषेराव पाटलाचा आवाज आला. तो ऐकायला कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "तुमचीच मॅडम सांगून राहिली, केरबा. तुमचा आड चांगला. पाऊस पडला की जावा आपले आपल्या आडावर."

सगळी वस्ती पंचशीलेकडं पाहू लागली. तिनं खाली मान घातली. ती जे बोलली ते खरं होतं. पाटील जे बोलला तेही तिच्याच शब्दांतून निघालं होतं.

"तवर निदान गाळून तरी प्या," ती म्हणाली.

"गाव आपली सावली पडली तर पाणी शिंपडतं," मागून कुणी बाई म्हणाली, "अन् आपण त्यांचं पाणी गाळायचं? लोक हसतील."

बांधकामाला उशीर झाला. गवंडी आले, सिमेंट आलं नाही. सिमेंट आलं, गवंडी गेले. तेवढा सगळा उन्हाळा वस्तीनं पायऱ्या उतरून पाणी भरलं, आणि जेवढे दिवस उरलेत तेवढं उतरून घ्यावं अशा हट्टानं भरलं. पंचशीला दर रविवारी गावी यायची आणि आईच्या घागरीवर स्वतः दुहेरी लुगडं बांधायची. सोमवारी ती गेली की लुगडं दोरीवर वाळत असायचं. वरून आलेल्या गोळ्या मात्र आई दर आठवड्याला नेमानं गिळत होती.

ज्येष्ठात पायऱ्या बुजल्या. एकुलता रहाट गावच्या बाजूला बसला आणि दोर पाटलाच्या माणसांच्या हातात आला. वस्तीच्या बायकांनी घागरी खाली ठेवायच्या, त्यांनी वरून ओतायचं. पायऱ्या होत्या तेव्हा तीन वाटा होत्या. आता एकच दोर. केरबांनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी वस्तीच्या कोरड्या आडावरचा रहाट खांबांसकट उपसून काढला, चार जणांनी खांद्यावर आणला, आणि बारवेच्या पश्चिमेच्या कठड्यावर रोवला. पाटलाची माणसं बघत राहिली. हात लावायला कुणी पुढं झालं नाही. त्या दिवसापासून वस्ती आपल्या दोरानं पाणी ओढू लागली, आणि केरबांनी पंचशीलेशी बोलणं टाकलं.

वर्षभर तिनं वाट पाहिली. बाकी कामं झाली, दौरे झाले, आणखी दोन बारवा बांधून निघाल्या. पण रोज अंघोळीच्या वेळी ती आपले घोटे बोटांनी दाबून बघत असे. एका ओंजळीत कदाचित काहीच नसतं, कदाचित सगळं असतं. आणि ओंजळीचं तरी ठीक होतं. आई उन्हाळाभर प्यायली होती. पंचशीलेला आपलं म्हणणं खोटं ठरावं असं वाटू लागलं. गोळीत काही तरी असावं. चिमूटभर तरी.

पुढच्या चैत्रात निरोप आला. ती पोचली तेव्हा नागुबाई दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती आणि उजव्या घोट्यावर सुपारीएवढा फोड होता.

"आग आग होऊन राहिली बघ," नागुबाई म्हणाली. मग लहान मुलासारखं म्हणाली, "गोळी तर मी घेतली होती गं. दर आठवड्याला. गेल्या सालची अन् त्याच्या आदल्या सालचीबी. एक थुंकली न्हाई."

चार चौकोनांतला तिसरा चौकोन. बारवेचं पाणी, आणि गोळी. वस्तीत त्या साली ज्यांना ज्यांना नारू निघाला, त्यांत गोळी खात्रीनं गिळलेली एवढी एकच बाई होती.

"मला रहाटापाशी ने," नागुबाई म्हणाली. "वरून घागर ओत पायावर. थंड वाटंल."

"नाही, माय. तिथं नको. पाणी झिरपून आत गेलं तर... इथंच बस. मी घमेल्यात पाणी आणते."

"आधी त्यांनी तिथं जाऊ दिलं न्हाई," नागुबाई डोळे मिटून म्हणाली. "आता तू."

पंचशीलेनं कोपऱ्यातलं घमेलं ओढलं. दारात सावली पडली. केरबा घागर घेऊन उभे होते. त्यांनी ती आत ठेवली, तिच्याकडं न बघता विचारलं, "हे पाय धुतलेलं पाणी कुठं टाकायचं?"

"लांब. ओढ्याच्या कोरड्या वाळूत. विहिरीकडं, आडाकडं नको."

केरबांनी मान हलवली आणि तिथंच थांबले. पाणी गार होतं. नागुबाईनं पाय घमेल्यात सोडला तशी तिचा श्वास हलका झाला. थोड्या वेळानं फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं. ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. पुढं काय करतात हे एकीलाही ठाऊक नव्हतं.

"पाटलीणबाईला येतं," नागुबाई म्हणाली.

बोलवायला कोण गेलं ते पंचशीलेला कळलं नाही. चतुराबाई ओढा ओलांडून आली, लंगडत. गेल्या साली तुटलेल्या नारूनं तिचा पाय अजून सरळ पडत नव्हता. उंबऱ्याबाहेर ती क्षणभर थांबली. या घरात ती कधी आली नव्हती, या वस्तीतही नाही. मग तिनं आजूबाजूला पाहिलं, खाली बसून उंबऱ्यावरूनच हात आत घातला, आणि नागुबाईचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला. कनवटीची तुरीची काडी तिनं बरोबरच आणली होती.

"आज एवढाच," बोटभर दोरा गुंडाळून काडी फडक्यानं पायाशी बांधत ती म्हणाली. "लोभ करायचा न्हाई. ओढला की माझ्यागत होतं."

"किती दिवस?" पंचशीलेनं विचारलं.

"तो म्हणंल तितके. मी काय रोज येणार न्हाई, बाई. आमच्या घरात बोलणं होतं." चतुराबाईनं तिचा हात धरून काडीवर ठेवला. "इथं धर. असं. आता तू कर, मी बघते."

पंचशीलेनं काडी धरली. काडी हलकी होती आणि दोरा आतून ओढ देत होता, जिवंत असल्यासारखा. तिनं श्वास रोखून एक वेढा दिला. बाभळदऱ्याच्या वस्तीत नारू गुंडाळायला शिकलेली ती पहिलीच.